चकलीचे चाळीस रुपये

वहिनी दिवाळीचा फराळ करून विकतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी चकलीचा दर किलोला 400 वरून 440 केला आणि गिऱ्हाइकांना पाठवायची सूचना मी लिहून दिली: 'वाढत्या महागाईमुळे सर्व पदार्थांच्या दरात अपरिहार्य बदल करण्यात येत आहे. कृपया सहकार्य करावे.' त्या दिवसापर्यंत साठ घरांच्या ऑर्डरी आल्या होत्या. त्यांतल्या चौदा दोन दिवसांत रद्द झाल्या.

जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एका काकूंनी फोन केला. "लाडू तुपातले ना गं? मग तेल महागलं म्हणून लाडू का महागले?" वहिनींकडे उत्तर नव्हतं, कारण लाडवाचा दर वाढलेलाच नव्हता. माझ्या 'सर्व पदार्थांच्या' या दोन शब्दांनी तो वाढवून टाकला होता. शिवाय आधी दिलेल्या ऑर्डरींना कोणता दर लागणार, हेही त्यात कुठे नव्हतं.

मग वहिनी वही घेऊन बसल्या. त्या सप्टेंबरात केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के केलं होतं आणि त्यांचा पंधरा किलोचा डबा 450 रुपयांनी चढला होता, म्हणजे किलोला तीस रुपये. एक किलो चकलीला सुमारे 300 ग्रॅम तेल लागतं. हिशेब झाला नऊ रुपये! भाजणीच्या डाळी आणि गॅसचे अकरा. उरलेले वीस तळणाऱ्या चार बायकांचे होते: रोजी 400 वरून 500 केली होती आणि दिवसाला वीस किलो चकली होत होती. दरवाढीचं अर्धं कारण मजुरी होतं आणि सूचनेत तिचा उल्लेखच नव्हता.

दुसरी सूचना वहिनींनी स्वतःच्या शब्दांत सांगितली, मी फक्त उतरवून घेतली.

'चकली 400 ची 440 झाली. तेलाचे 9, डाळी-गॅसचे 11, आणि तळणाऱ्या बायकांची रोजी वाढवली त्याचे 20. लाडू, करंजी, चिवडा जुन्याच दरात. आजपर्यंतच्या ऑर्डरी जुन्याच दराने मिळतील. अर्धा किलोही देऊ.'

जुना आणि नवा आकडा पहिल्याच वाक्यात आला, कारण गिऱ्हाईक आधी तोच शोधतं. चौदांपैकी नऊ घरं परतली. बाकीची पाच परतली नाहीत, आणि ते कुठल्याही शब्दांनी बदललं नसतं.

असा हिशेब मांडला की तो पुढेही द्यावा लागतो, हे मात्र तेव्हा सुचलं नव्हतं. 2025 च्या मे अखेरीस कच्च्या तेलावरचं शुल्क 16.5 टक्क्यांवर आलं आणि दिवाळीला काकूंचा प्रश्न ठरलेला होता. वहिनींनी यादीच्या वरच लिहिलं: 'तेलाचा डबा 100 रुपयांनी उतरला, किलो चकलीमागे 2 रुपये. चकली 438.'