कोटाचा फोटो कॉलरपासून वाचा

तुळशीचं लग्न लागलं की नगरच्या कापडबाजारात सुटांची खरेदी सुरू होते, आणि आजकाल खरेदीचा निकाल दुकानात लागत नाही. नवरदेव ट्रायलच्या खोलीतून फोटो पाठवतो आणि पुण्यातली बहीण, मामा, मित्र आपापली मतं कळवतात. ही मतं बहुतेक वेळा पोटावरच्या सुरकुतीबद्दल असतात. 'कंबर जरा घट्ट आहे, सोडून घे', 'खाली ढगळ दिसतोय, आत घे.' माझं म्हणणं असं, की नजर तिथे सर्वांत शेवटी जायला हवी. कोट मानेवर आणि खांद्यावर टेकतो आणि बाकीचा सगळा तिथून खाली लोंबतो. टेकण्याची जागा चुकली की खालच्या सुरकुत्या आपोआप पडतात, आणि कंबर उसवून त्या जात नाहीत. शिवाय कंबर नंतरही दुरुस्त होते, खांदा सहसा होत नाही. म्हणजे जे दुरुस्त होत नाही तेच आधी पाहायला हवं, आणि आपण नेमकं उलट करतो.

पहिली जागा मानेमागची. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला सगळीकडून चिकटून हवी आणि तिच्या वर शर्टाची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पट्टी दिसायला हवी. मागून किंवा बाजूने काढलेल्या फोटोत दोन्ही कॉलरींच्या मध्ये बोट जाईल एवढी फट दिसली, तर तिचं कारण शोधल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शोधायची पद्धत सोपी आहे. कोटाचं बटण काढून तसाच दुसरा फोटो घ्या. फट मिटली, तर कोट छातीत किंवा पोटात आवळतो आहे आणि बटण पुढची बाजू ओढून कॉलर मानेपासून सोडवतं आहे. हे बरंचसं सुधारतं. फट तशीच राहिली, तर दोष पाठीत किंवा खांद्यात आहे. कॉलरच्या खाली पाठीवर आडवी वळकटी असेल, तर माणसाचे खांदे कोटाच्या खांद्यांपेक्षा चौकोनी आहेत. कोट खांद्याच्या टोकांवर टेकतो आणि मानेजवळ वर उचलला जातो. मास्तर कॉलर उसवून खालचं जादा कापड काढून ती पुन्हा बसवू शकतात. वळकटी नाही, पण मागची कड वर चढलेली आणि पुढची खाली आलेली दिसते, तर पाठ किंचित वाकलेली आहे आणि कोटाची पाठ उंचीला कमी पडते. तयार कोटात ही उंची आणायची कुठून? खांद्याच्या शिवणीत माया असेल तेवढीच, आणि ती फारशी नसते. असा कोट दुकानातच ठेवून यावा.

दुसरी जागा खांद्याच्या टोकाखालची. बाही जिथे मुंढ्याला जोडलेली असते, तिच्या लगेच खाली दंडावर खळगा पडतो. फोटोत तो सावलीच्या छोट्या डागासारखा दिसतो. एकच खळगा दोन उलट कारणांनी पडू शकतो. पॅड हाडाच्या पुढे जाऊन अधांतरी असेल आणि बाही त्याखाली आत पडत असेल, तर खांदा रुंद आहे. दंड पॅडच्या बाहेर फुगून आलेला असेल, तर खांदा अरुंद आहे. पहिल्याला मोठा आणि दुसऱ्याला लहान कोट दिला, तर दोन्ही बिघडतील. म्हणून 'खांद्यात खड्डा पडतोय' एवढं म्हणून भागत नाही, पॅडची कड हाडाच्या आत आहे की बाहेर ते फोटोत शोधावं लागतं. खळगा एकाच बाजूला असेल तर आणखी एक शक्यता पाहा. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा खाली असतो. समजा, उजवीकडे खळगा आहे आणि पाठीवर उजव्या काखेकडे तिरपी, मऊ घडी पडली आहे. कंबर मात्र दोन्हीकडे सारखी आहे. इथे कोट मोठा नाही, तर उजवा खांदा उतरता आहे. त्या बाजूला पॅडखाली एखादा पातळ थर वाढवला की बहुतेक वेळा खळगाही भरतो आणि घडीही जाते. याच फोटोवरून 'पाठीत ढगळ आहे' म्हणून पाठ आत घेतली असती, तर घडी तशीच राहून कोट आवळला असता.

आता सुरकुत्या. ताण असलेली सुरकुती सरळ, धारदार असते आणि ताणाच्या जागेकडे बोट दाखवते. बटणापासून चारही दिशांना फुलीसारख्या रेषा गेल्या, तर तिथे कापड कमी पडलं आहे. सैल घडी गोलसर, जाड असते, आणि उभी असेल तर रुंदी जादा असते. यावर कुणी म्हणेल, कापड आहे, सुरकुतणारच, इस्त्रीने बसेल. इस्त्रीने बसते ती घडी करून ठेवल्याची चुणी. अंगात घातल्यावर पुन्हा त्याच जागी येते, ती इस्त्रीची नव्हे. उलट एकही घडी नसलेला फोटोही संशयास्पदच. हात हलवायला बाहीत आणि पाठीत थोडं कापड लागतंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मास्तर समोर उभे असताना फोटो कशाला? ट्रायलला माणूस आरशात बघतो, छाती काढून उभा राहतो, आणि मागची बाजू दिसावी म्हणून मान वळवतो. मान वळवली की कॉलर सुटते, म्हणजे फट त्यानेच पाडलेली असते. फोटोत तो पुढे बघत सहज उभा राहू शकतो. पण मोबाइलही खोटं बोलतो, हे मान्य. स्वतःच काढलेल्या आरशातल्या फोटोत एक हात वर असतो, त्या बाजूची बाही आणि खांदा ओढले जातात. जवळून काढलेल्या फोटोत पोट मोठं दिसतं. म्हणून फोटो दुसऱ्याने काढावा, आठ-दहा फुटांवरून, मोबाइल छातीच्या उंचीवर धरून. हात खाली सोडलेले, खिसे रिकामे. दोन बटणांच्या कोटाचं फक्त वरचं लावावं, कारण खालचं लावण्यासाठी तो कापलेलाच नसतो. समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो पुरतात. तिन्ही पुन्हा काढले तरी टिकणारा दोषच खरा धरावा.

शिवून घेणाऱ्यांना हे सगळं जास्त उपयोगी आहे, कारण त्यांच्या हातात वेळ असतो. बाही कच्च्या टाक्यांवर असतानाच ट्रायल मागा. मास्तरांना इलाज सांगू नका, फोटोतली जागा दाखवा, आणि शिवणीत माया किती ठेवली आहे ते विचारा. आणि मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात ट्रायल घेऊ नका, कारण लग्नसराईत कॉलर उसवून पुन्हा बसवायला मास्तरांना सवड नसते.