शंका-समाधान : फोटोत पुसलेला अंक

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे, शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करते. सरांनी फळ्यावरच्या कोड्याचा फोटो ग्रुपवर टाकला. ५□३४०६ असं दिसतं, दुसऱ्या अंकावर डस्टर फिरलेलं आहे. ‘या संख्येला ९ ने पूर्ण भाग जातो, तर पुसलेला अंक कोणता?’ मुलीनं ० लिहिलं, सरांनी चूक दिली आणि ९ सांगितलं. मी मोबाईलवर भाग देऊन पाहिला तर ० घालूनही भाग जातो. आता ती म्हणते, मला गणित येतच नाही. सरांना विचारायचं तर त्यांना राग येईल का, ही भीती वाटते. नक्की चुकलं कोणाचं? — एक आई, कोपरगाव

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या वाक्याप्रमाणे मुलीचं उत्तर बरोबर आहे. ९ ची विभाज्यतेची कसोटी (प्रत्यक्ष भागाकार न करता पूर्ण भाग जातो का हे ओळखण्याची रीत) अंकांच्या बेरजेवर चालते. १० म्हणजे ९ अधिक १, १०० म्हणजे ९९ अधिक १. त्यामुळे पाच लाखांतून ९ चे सगळे गट काढून घेतले की ५ उरतात, तीन हजारांतून ३ उरतात. प्रत्येक अंक आपल्या जागी स्वतःएवढीच बाकी ठेवतो. दिसणाऱ्या अंकांची बेरीज ५+३+४+०+६ म्हणजे १८. ती आधीच ९ च्या पाढ्यात बसते. म्हणून रिकाम्या जागी ० घाला किंवा ९ घाला, बेरीज १८ नाहीतर २७ होईल आणि दोन्ही वेळा भाग जाईल. ९ ने भागल्यावर बाक्या नऊच प्रकारच्या असतात आणि अंक मात्र दहा, म्हणून ० आणि ९ ही जोडी या कसोटीला एकसारखीच दिसते. बाकी कोणत्याही अंकाबाबत ही अडचण येत नाही.

तरीही सरांचं उत्तर हवेतून आलेलं नाही, असं तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून वाटतं. त्यात पहिली ओळ ‘संख्येला ९’ इथे फोटोच्या उजव्या कडेला टेकते आणि ‘ने पूर्ण भाग जातो’ हे खालच्या ओळीत आहे. कडेबाहेर आणखी एक ९ राहिला असावा आणि मूळ कोडं ९९ चं असावं. तसं असेल तर ११ ची कसोटीही लागते. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं आलटून पालटून जायचं. उत्तर ०, ११ किंवा ११ च्या पटीत आलं की भाग जातो. इथे ६−०+४−३+□−५ म्हणजे २+□. □ च्या जागी ० घातलं तर २ उरतात, भाग जात नाही. ९ घातलं तर ११ होतात, भाग जातो. संख्या ५९३४०६, आणि ती ९९ गुणिले ५९९४ आहे.

तेव्हा सरांना एवढंच विचारा, ‘सर, फोटोची कड कापली गेली आहे का?’ यात रागावण्यासारखं काही नाही. जाता जाता मुलीला हेही सांगा की कोड्यात ४ किंवा ५ ने भाग जातो असं असतं, तर या डागाबद्दल काहीच कळलं नसतं. त्या कसोट्या शेवटचे एक-दोन अंकच पाहतात, पुढे काय पुसलंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या भित्तिपत्रकावर कापरेकरांची संख्या होती. मी फोटो काढला, पण फ्लॅशचा डाग पडला. ३५२४, मग ३□८७, मग ८३५२, मग ६१७४ असं आहे. ९ ची कसोटी लावली तर पुन्हा ० की ९ हाच घोळ. ११ ची लावली तर भलतंच येतं. परवा मला हे वर्गात सांगायचंय, सगळे हसतील. — इयत्ता आठवी, कोळपेवाडी

उत्तर : घोळ झाला हेच चांगलं झालं, वर्गात सांगायला काहीतरी मिळालं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते. त्यांची १९४९ ची रीत अशी : चार अंक घ्यायचे, सगळे एकच नकोत. ते उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करायची, चढत्या क्रमाने लावून लहान, आणि वजाबाकी करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग तीच येत राहते. मोठ्या आणि लहान संख्येत अंक तेच असल्यामुळे दोन्हींची ९ ची बाकी सारखी असते आणि वजाबाकीत ती उडून जाते. म्हणून पहिल्या वजाबाकीपासून पुढची प्रत्येक ओळ ९ च्या पटीत असते. तुझी सुरुवातीची ३५२४ तशी नाही, तिची बेरीज १४ आहे, आणि ती तशी असायची गरजही नाही.

११ ने भाग जाईल असं मात्र इथे कोणी कबूल केलेलं नाही, त्यामुळे ती कसोटी इथे लावायचीच नाही. जी अट कोड्यात नाही तिच्या उत्तराला अर्थ नसतो. ० की ९ हे ठरवायला पुढची ओळ वापर. ९ धरलास तर ९८७३ मधून ३७८९ वजा जाऊन ६०८४ येतात, आणि फोटोत तर ८३५२ आहे. ० धरलास तर ८७३० मधून ०३७८ वजा जाऊन बरोबर ८३५२ येतात. वरूनही ताळा बघ : ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७.

प्रश्न : नातवाच्या जुन्या वहीतलं कोडं मोबाईलवरच्या फोटोत पाहून सोडवत होतो. ८३□५१, ९९ ने भाग जातो. ९ ची कसोटी लावली तर १ येतो, ११ ची लावली तर १० येतो. दहा हा अंक कुठून आणू? आयुष्यभर हिशेब केले, आता डोकं चालत नाही की काय अशी धास्ती बसली आहे. — एक आजोबा, संवत्सर

उत्तर : आजोबा, तुमचा हिशेब बरोबर आहे. ८+३+५+१ म्हणजे १७, म्हणून ९ ची कसोटी १ मागते. १−५+□−३+८ म्हणजे १+□, म्हणून ११ ची कसोटी १० मागते. १० हा एक अंक नसतो आणि दोन्ही कसोट्यांची उत्तरं जुळतही नाहीत. याचा अर्थ इतकाच की डागाशिवाय आणखी एखादा अंक चुकीचा वाचला गेला आहे, किंवा वहीतच चुकला आहे. फोटो मोठा करून पाहिला तर शेवटचा १ हा ९ वाटतो, वरची गाठ फिकट झाली आहे. ९ धरला की ९−५+□−३+८ म्हणजे ९+□, म्हणजे □ ला २. संख्या ८३२५९, आणि ती ९९ गुणिले ८४१.

पण थोडं थांबा. शेवटचा १ तसाच ठेवून ५ च्या जागी ६ असेल असं धरलं तर ८३०६१ लाही ९९ ने भाग जातो, ८३९ वेळा. कुठेतरी चूक आहे हे कसोटी सांगते, ती कोणत्या जागी आहे हे सांगत नाही. त्यासाठी मूळ वहीच उघडून पाहावी लागेल. आणि १ व ९ मधला फरक छापील वर्तमानपत्रातही धूसर दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवून घ्या. चष्म्याचा नंबर बदलला आहे की मोतीबिंदू आहे हे तेच सांगू शकतील. एका डोळ्यानं अचानक कमी दिसायला लागलं असेल तर त्याच दिवशी जा.

प्रश्न : आमच्या स्टेशनवरून मालगाड्या जातात. डब्यावर अकरा आकडी नंबर असतो. फलाटावरून काढलेल्या फोटोत एका नंबरचा एक आकडा तेलाच्या डागाखाली गेलाय. मित्र म्हणतो, नंबरातूनच तो काढता येतो. मी ९ नं, ११ नं, सगळ्यांनी भाग देऊन थकलो, कशानंच जात नाही. मित्र फेकतोय का? — एक वाचक, कोपरगाव

उत्तर : मित्र खरं सांगतोय, फक्त कसोटी वेगळी आहे. भारतीय रेल्वेच्या मालडब्याच्या क्रमांकात पहिले दोन अंक डब्याचा प्रकार सांगतात, पुढचे दोन तो कोणत्या रेल्वेचा, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार अंक त्या डब्याचे स्वतःचे. अकरावा तपासअंक (आधीच्या अंकांवरून काढलेला, चूक पकडण्यासाठी जोडलेला अंक) असतो. डावीकडून मोजत दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा अंक मिळवून तिप्पट करायची, त्यात तपासअंकासह उरलेल्या सहा अंकांची बेरीज मिळवायची. एकूण १० च्या पटीत आलं पाहिजे.

उदाहरणासाठी मी बनवलेला क्रमांक घ्या : ३१०७१२४□६५७, म्हणजे २०१२ चा डबा. सम जागांवर १+७+२+□+५ म्हणजे १५+□, तिप्पट ४५+३□. विषम जागांवर ३+०+१+४+६+७ म्हणजे २१. एकूण ६६+३□. शेवटी शून्य यायला ३□ च्या एककाच्या जागी ४ हवा. तीनच्या पाढ्यात ० ते ९ पर्यंत असा एकच अंक आहे, ८, कारण तीन आठे चोवीस. इथे ० आणि ९ चा घोळ होत नाही : तीनच्या पटीत एककाचे दहाही अंक एकेकदाच येतात. दुप्पट केली असती तर ४ आणि ९ दोघांच्याही शेवटी ८ आला असता आणि आपण पुन्हा अडकलो असतो. तिप्पट घेण्यामागे हाच विचार आहे. तरी एक फट राहतेच. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले आणि त्यांच्यात ५ चा फरक असला, जसे १ आणि ६, तर एकूण १० नेच बदलतं आणि चूक निसटते.

फोटो फलाटावरूनच काढा, रुळांकडे उतरू नका. आणि मालाच्या पावतीसाठी वगैरे नंबर हवा असेल तर मालधक्क्यावरच्या रेल्वे कर्मचाऱ्याकडून घ्या.

प्रश्न : वडिलांच्या पासबुकाच्या फोटोत खाते क्रमांकाचा एक आकडा शाईनं माखलाय. पासबुक पावसात भिजलं. पैसे भरायचे आहेत, उद्याची तारीख आहे. ९ ची कसोटी लावून आकडा काढू का? पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले तर? — एक वाचक, दहिगाव बोलका

उत्तर : काढू नका. कोड्यात ‘९ ने भाग जातो’ हे आधी सांगितलेलं असतं. तुमच्या खाते क्रमांकाबाबत तसं कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे कसोटीनं निघालेला आकडा हा निव्वळ अंदाज ठरेल. आधार क्रमांकाचा बारावा अंक तपासअंक असतो हे खरं, पण तो भागाकाराच्या साध्या कसोटीनं निघत नाही आणि त्यावरून खातं सापडत नाही. उद्या बँक उघडताच वडिलांना आणि त्यांचं ओळखपत्र घेऊन शाखेत जा, क्रमांक लिहून घ्या, नवं पासबुक मागा. वडिलांना जाणं जमत नसेल तर आधी शाखेत फोन करून काय कागद लागतील ते विचारा. भिजलेल्या पासबुकाचा फोटो कोणालाही पाठवू नका, ग्रुपवर तर नाहीच.