दादाला वाढदिवसाचे पत्र

सातारा जिल्ह्यातील आपशिंगे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जवान धाडत आले आहे. त्या गावातील एका घरी, डिसेंबर महिन्यातील एका संध्याकाळी, सातव्या इयत्तेतील एक मुलगी अंतर्देशीय पत्र पुढे घेऊन बसली होती. तिचा थोरला भाऊ सैन्यात शिपाई होता व लडाखमधील एका उंच चौकीवर त्याची नेमणूक झाली होती. १२ जानेवारीला त्याचा वाढदिवस होता. चौकीवर दूरध्वनी लागेलच असा भरवसा नव्हता. म्हणून तिने पत्राचा मार्ग धरला होता.

आधी तिने वहीत मजकूर लिहून पाहिला : “प्रिय दादा, वाढदिवसाच्या शुभेच्छा. तू नाहीस म्हणून आईने दिवाळीत करंज्या केल्या नाहीत. गेल्या वाढदिवसालाही तू आला नाहीस. यंदा तरी रजा काढून ये.”

आजोबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले होते. त्यांनी मजकूर वाचला आणि म्हटले, “पोरी, यात शुभेच्छा एक आणि तक्रारी तीन आहेत. रजा मागणे दादाच्या हाती आहे. देणे त्याच्या हाती नाही. चौकीवर माणसे मोजकी असतात. दुसरा वर चढून येईपर्यंत पहिल्याला खाली उतरता येत नाही. हे वाचून तो तेथून काय करू शकेल?”

मुलीचा चेहरा उतरला. “मग मला त्याची आठवण येते, हे लिहायचेच नाही का?”

“अवश्य लिही. पण आठवण वेगळी आणि दोष वेगळा. ‘तू नाहीस म्हणून करंज्या केल्या नाहीत’ हा दोष झाला. ‘करंज्या तळताना तुझी आठवण निघाली’ ही भेट झाली. मात्र खोटे लिहू नकोस. केल्या नसतील तर केल्या म्हणू नकोस. पत्रातले एक खोटे उघडे पडले, तर पुढच्या खऱ्यावरही त्याचा विश्वास बसणार नाही.”

मुलीने थोडा विचार केला आणि दुसरा मजकूर लिहिला :

“प्रिय दादास, सप्रेम नमस्कार. तुला वाढदिवसाच्या अनेक शुभेच्छा. हे पत्र आधी पोचले तर त्या दिवसापर्यंत जपून ठेव. उशिरा पोचले तर त्या दिवशी पुन्हा वाढदिवस आहे असे समज. १२ तारखेला आई देवापुढे निरांजन लावून तुला येथूनच ओवाळणार आहे. शिराही होणार आहे. तुझ्या वाटचा मी खाईन. आपली गाय व्याली. कालवडीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, म्हणून तिचे नाव चांदी ठेवले आहे. तू विहिरीवर बसवून दिलेली मोटार अजून बिनतक्रार चालते. पाणी वाफ्यात शिरले की तुझी आठवण येते. उत्तर सवडीने लिही. नाही जमले तरी माझे पुढचे पत्र येईलच. तुझी धाकटी बहीण.”

आजोबा हसले. “आता हे पत्र तो चौकीवर सगळ्यांना वाचून दाखवील!”

मुलीला पत्रात तिळगुळाचे चार दाणे घालायचे होते. परंतु अंतर्देशीय पत्रात काही घालण्यास मनाई असते. तेव्हा तिने कोपऱ्यात चांदीचे चित्र काढले.

मग पत्त्याची पाळी आली. “लडाख असे लिहू का?” तिने विचारले. आजोबांनी मान हलवली. सैनिकाच्या पत्त्यावर गावाचे नाव नसते. त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण लिहायची. खाली ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ आणि पिनकोड. पिनकोडातील पहिला ९ पाहताच टपालखात्याला कळते की हे पत्र सैन्याचे आहे. ते दिल्लीच्या सैनिकी टपालकेंद्रात जाते. कोणती पलटण कोठे आहे हे त्या केंद्राला ठाऊक असते. पत्र हाताळणाऱ्या इतरांना ते कळत नाही. पलटण हलली तरी पत्ता तोच राहतो. क्रमांक किंवा पलटण चुकली, तर मात्र पत्र भलतीकडे भटकते.

हिवाळ्यात बर्फाने लडाखचे घाटरस्ते बंद पडतात. त्या काळात टपाल विमानाने जाते, आणि हवा बिघडली की विमानही थांबते. म्हणून दुसऱ्याच दिवशी, वाढदिवसाला तीन आठवडे असताना, मुलीने पत्र पेटीत टाकले.

स्वाध्याय
१. पहिल्या मजकुरातील तीन तक्रारी कोणत्या?
२. सैनिकाच्या पत्त्यावर गावाचे नाव का नसते?
३. ‘तू आला नाहीस म्हणून जत्रेत मजा आली नाही’ हे वाक्य खोटे न बोलता, दोष न देता पुन्हा लिहा.