आधी शून्य बघ, मग पाणी

बाबू, नाल्याचं पाणी मोजायला निघालास ते बरं केलंस. गावाच्या ताळेबंदात ‘नाल्याला दिवाळीपर्यंत चांगलं पाणी असतं’ असं लिहून भागत नाही. चांगलं म्हणजे किती लिटर, हे कोणीतरी काठावर बसून मोजावं लागतं. माझी सारी नोकरी कालव्यावर गेज वाचण्यात गेली. त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं सांगतो.

यवतमाळच्या डोंगरपट्ट्यातल्या नाल्याला पाऊस सरल्यावर जे पाणी उरतं, ते सेकंदाला पाच-दहा लिटरांच्या घरातलं. एवढ्या पाण्याला नव्वद अंशांची व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कापलेली लोखंडी पट्टी, सगळ्यात इमानदार. बेलफास्टच्या जेम्स थॉमसन नावाच्या इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात ती पारखून दिली. पाणी कमी झालं की खाचेतली रुंदीही आपोआप कमी होते, म्हणून थोडं पाणीसुद्धा मोजण्याजोगी उंची दाखवतं. रुंद चौकोनी खाचेवर तेच पाणी पातळ पसरतं आणि पट्टीवर वाचायला काही उरत नाही.

हिशेब साधा आहे. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घे. उंची गुणिले उंची गुणिले उंचीचं वर्गमूळ, आणि त्याला ०.०१३८ ने गुण. सेकंदाला किती लिटर ते आलं. मोबाइलवरचा साधा कॅल्क्युलेटर पुरतो. समज, कार्तिकातल्या एका सकाळी गेजची पट्टी १२ दाखवते. १२ गुणिले १२ म्हणजे १४४, १२ चं वर्गमूळ ३.४६, म्हणजे झाले साधारण ४९९, आणि त्याचे ६.८८ लिटर. दिवसभर तेवढंच वाहिलं तर ५९४ घनमीटर. हरभऱ्याच्या एका एकरात सहा सेंटिमीटर पाणी द्यायला २४३ घनमीटर लागतं. म्हणजे हा नाला दिवसाला जवळजवळ अडीच एकर ओलवतो, पाटात मुरतं ते सोडून.

आता तीच पट्टी सेंटिमीटरभर खाली ठोकली गेली असेल, तर ती १२ च्या जागी १३ दाखवेल. १३ चे होतात ८.४१ लिटर, दिवसाचे ७२७ घनमीटर. एका सेंटिमीटरने अर्ध्या एकराचं पाणी कागदावर जादा आलं आणि वावरात काही आलं नाही. म्हणून मी सगळ्यात आधी शून्य बघायला सांगतो. पुष्कळ पोरं नाल्याच्या तळावर पट्टी उभी करतात आणि तळापासून वाचतात. तळाशी काही घेणंदेणं नाही. पट्टीचं शून्य खाचेच्या खालच्या टोकाच्या बरोबर पातळीत पाहिजे.

ते साधायचं कसं? गवंड्याची लेव्हल नळी घे, पाणी भरलेली पारदर्शक. खाचेची पट्टी बसली, पण मागे पाणी तुंबलेलं नाही, तेव्हाच हे काम कर. नळीचं एक टोक खाचेच्या टोकाशी धर, दुसरं वरच्या अंगाला. नळीत बुडबुडा अडकला असेल तर सगळं फुकट, तो आधी काढ. वरच्या अंगाला एक लोखंडी सळई ठोक आणि तिचा माथा खाचेच्या टोकाच्या पातळीत आण. मग सळईच्या माथ्याला शून्य धरून गेजची पट्टी बसव. सळई तिथेच राहू दे. पुढे कधी बैलाचा धक्का लागला, पोरांनी पट्टी हलवली, तर सळईवरून दोन मिनिटांत कळतं. पाणी टोकाला टेकलं की तेच शून्य समजू, असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. पाणी कडेला चिकटून टोकाच्या थोडं वर थांबतं आणि तिथेच दोन-तीन मिलिमीटर चुकतात.

गेजची पट्टी खाचेजवळ लावायची नाही, हेही लक्षात ठेव. खाचेत पाणी पडायला लागतं तिथे त्याचा वरचा थर आधीच खाली झुकतो. खाचेतच मोजलंस तर १२ चे सेंटिमीटरभर कमी भरतील आणि पाणी पाचव्या हिश्श्याने कमी दिसेल. जास्तीत जास्त जेवढी उंची येईल असं वाटतं, त्याच्या चौपट अंतर वर सरक. २० सेंटिमीटर येणार असेल तर ८० सेंटिमीटर मागे. लाटा नाचत असतील तर भोकं पाडलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा रोवून त्यात वाच. वाचताना खाली बस, डोळा पाण्याच्या पातळीला आण. काठावर उभं राहून वाचलेला आकडा मी कधी वहीत लिहू दिला नाही.

लोखंडाचं आता. तीन मिलिमीटरचा पत्रा गेट-ग्रिलवाल्याकडून कापून घे. तो गुण्या लावेल, पण तू तुझी तपासणी कर. टोकापासून दोन्ही कडांवर २० सेंटिमीटरवर खूण कर. त्या दोन खुणांमधलं अंतर २८.३ सेंटिमीटर भरलं तर काटकोन बरोबर. बसवल्यावर खाचेच्या मधोमध ओळंबा सोड. दोरी टोकावर आली पाहिजे, नाहीतर खाच एका अंगाला कलली. कड ग्राइंडरने तासायची ती पाणी पडतं त्या बाजूने. पाणी येतं त्या बाजूचा कोपरा धारदार आणि सरळ हवा, जाडी एक-दोन मिलिमीटर. पाणी त्या धारेवरून सुटून पुढे झेपावतं, तेव्हाच ०.०१३८ हा आकडा खरा. उंची पाच सेंटिमीटरच्या खाली गेली की पाणी पट्टीला चिकटून खाली घरंगळतं. मग सूत्र सोड, १५ लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ काढ. ताळा घेण्यासाठीही हेच कर. ६ सेंटिमीटरवर १.२ लिटर यायला हवेत, म्हणजे बादली साधारण बारा सेकंदांत भरली पाहिजे. आठ सेकंदांत भरली किंवा अठरा लागले, तर कुठेतरी घोळ आहे.

घोळ बहुतेक वेळा जमिनीत असतो. काळ्या मातीत खाचेची पट्टी रोवली की पहिले काही दिवस पाणी घट्ट अडतं. मग काठाकडची माती वाळते, भेग पडते आणि पट्टीच्या बगलेतून पाणी गुपचूप निघून जातं. गेज कमी दाखवतं आणि गावात बोभाटा होतो की नाला आटला. मुरमात तर पहिल्या दिवसापासूनच झिरपतं. पट्टीच्या मागे प्लास्टिकचा जाड कागद अंथरून त्यावर रेतीची पोती दाब, आणि खालच्या अंगाला हात लावून ओल शोध. तिथे पाणी लागलं तर गेज वाचण्यात अर्थ नाही.

दुसरा घोळ सागाचा. आपल्याकडे थंडीत सागाची पानगळ सुरू झाली की सुपाएवढं एक पान वाहत येऊन खाचेत आडवं बसतं. मागचं पाणी तुंबून तीन-चार सेंटिमीटर चढतं आणि गेज सांगतं की रात्रीतून नाल्याला पाणी वाढलं. पान काढ, पण लगेच वाचू नकोस. तुंबलेलं पाणी आधी निघून जातं. पट्टीवरचा आकडा उतरून एका जागी थांबला की मग वाच. आणि वहीत लिहून ठेव, पान काढलं म्हणून.

पट्टीमागे गाळ साचू देऊ नकोस. खाचेच्या टोकाखाली निदान उंचीच्या दुप्पट खोली पाहिजे. ती भरली की पाणी संथ न राहता धावत येतं, आणि मग सूत्र दाखवतं त्यापेक्षा खरं पाणी जास्त असतं. पारख सोपी आहे: वाळलेली काडी सोड. एक मीटर जायला सात सेकंदांहून कमी लागले तर फावडं घे आणि गाळ उपस.

खालच्या अंगाचं भांडण मात्र काठाकाठाने मिटवावं लागतं. खालचा शेतकरी आपल्या पाटात पाणी चढवायला नाल्यात दगडमातीचा आडवा बांध घालतो, आणि त्याचं पाणी फुगून तुझ्या खाचेपर्यंत येतं. पडणारी धार तुटली, खालचं पाणी टोकाच्या वर आलं, की गेज जास्त दाखवतं आणि पाणी खरं कमी असतं. टोकाखाली निदान चार-पाच बोटं मोकळी हवा दिसली पाहिजे. त्याच्याशी वाद घालू नको, त्याला बोलावून धार दाखव. तोही त्याच पाण्याचा भागीदार आहे.

धार मोकळी पडण्याचा हाच प्रश्न कालव्यावर येतो. बेंबळ्याचे किंवा अरुणावतीचे लहान पाट सपाटीवरून जातात. तिथे नॉच लावली तर पाण्याला उडी मारायला जागाच नसते, मागे काठ फुटतात. म्हणून तिथे फ्ल्यूम बसवतात, पाण्याची वाट चिमटून मोजणारी, कारण तिला थोडीच उडी पुरते. २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने पाणीवापर संस्थेला पाणी घनमापनाने द्यायचं ठरवलं, तेव्हापासून त्या फ्ल्यूमवरच्या गेजला पैशाची किंमत आली. तिथेही शून्याची पारख हीच: गेजचं शून्य फ्ल्यूमच्या तळमाथ्याशी जुळतं का, ते संस्थेच्या माणसाने स्वतः नळी लावून बघावं. आणि पैनगंगेसारख्या नदीला खाच लावायचा विचारही करू नकोस. तिथे पुलावर पातळी वाचतात आणि प्रवाहमापकाने वेग घेऊन दोन्हींचा मेळ बसवतात. ते वेगळं शास्त्र आहे.

सरासरीची एक खोड सांगून टाकतो. सकाळी १० वाचलं, संध्याकाळी वर पाऊस होऊन १६. सरासरी १३ काढून ८.४१ लिटर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण १० चे ४.३६ आणि १६ चे १४.१३ होतात, त्यांची सरासरी ९.२५. जवळजवळ दहावा हिस्सा गेला. आधी प्रत्येक आकड्याचे लिटर कर, मग सरासरी काढ.

वहीत मात्र लिटर लिहायचे नाहीत. तारीख, वेळ, सेंटिमीटर, आणि शेवटच्या रकान्यात पान, गाळ, गळती जे दिसलं ते. लिटर घरी येऊन काढता येतात आणि चुकले तर पुन्हा काढता येतात. पट्टीवर काय दिसलं होतं, ते दुसऱ्या दिवशी कोणी सांगू शकत नाही. मृगाच्या आधी खाचेची पट्टी उपटून घरी आण, पहिल्या पुरात ती जाते. सळई तेवढी जागेवर ठेव आणि बाजूच्या दगडावर रंगाने खूण कर, पुढच्या वर्षी नळी लावताना तिथूनच सुरुवात करायची आहे.