चार पंखांचा शिकारी

भाद्रपदातील दुपार होती. पाऊस उघडला होता आणि तळ्याच्या काठावरील लव्हाळ्याला कोवळे ऊन लागले होते. त्या लव्हाळ्याच्या एका वाळक्या टोकावर एक लाल भडक चतुर बसला होता. त्याचे चारही पंख दोन्ही बाजूंना ताठ पसरलेले होते व अंग जणू काडीसारखे निश्चल होते. हलत होते ते फक्त डोके. एकाएकी तो वर उसळला, क्षणभर दिसेनासा झाला आणि पुन्हा त्याच टोकावर येऊन बसला. त्याच्या तोंडात एक चिलट होते. हा सारा प्रकार ‘अरे!’ म्हणण्याइतक्या वेळात घडला.

त्या अर्ध्या सेकंदात काय घडले, हे आपण पाहणार आहोत.

चतुराला मुले ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. नाव चुकीचे नाही, कारण तो हवेत एका जागी ठरू शकतो. तथापि हेलिकॉप्टरची पाती गरगर फिरतात, तर चतुराचे पंख वरखाली हलतात. (त्याच्या शेपटीला दोरा बांधून खेळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, ती शेपटी नसून त्याचे पोट आहे.) त्याच्याचसारखी दिसणारी नाजूक टाचणी बसताना बहुधा पंख पाठीवर मिटून घेते, चतुराला मात्र ते तसे मिटता येत नाहीत. बसला असतानाही तो उड्डाणाच्या तयारीतच असतो.

आता त्याच्या पंखांची रचना पाहू. माशीच्या वक्षात जे बळकट स्नायू असतात, ते पंखांना थेट जोडलेले नसतात. ते वक्षाची कठीण पेटीच दाबतात आणि सोडतात. पत्र्याच्या डब्याचे झाकण दाबले की त्याच्या कडा जशा उचलल्या जातात, तसे माशीचे पंख त्या दाबाने वरखाली होतात. मधमाशीला चार पंख असले, तरी उडताना प्रत्येक बाजूचे दोन पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकतात व एकाच पंखासारखे चालतात. चतुराची गोष्ट निराळी आहे. त्याच्या प्रत्येक पंखाच्या मुळाशी त्या पंखाचे स्वतःचे स्नायू थेट जोडलेले असतात. चार वल्ह्यांची होडी असावी आणि प्रत्येक वल्ह्यावर वेगळा नावाडी बसलेला असावा, तशी ही व्यवस्था आहे. कोणता पंख केव्हा खाली आणावा, किती जोराने आणावा आणि हवेत किती तिरपा धरावा, हे चतुर प्रत्येक पंखापुरते वेगळे ठरवू शकतो. त्याच्या साऱ्या कसरतींचे मूळ येथे आहे.

प्रथम तो एका जागी कसा ठरतो ते पाहू. स्वीडनमधील शास्त्रज्ञ नोरबर्ग यांनी हवेत स्थिर राहिलेल्या एका जातीच्या चतुराचा बारकाईने अभ्यास करून तो 1975 साली प्रसिद्ध केला. त्या चतुराचे अंग जवळजवळ आडवे होते, पण पंख सरळ वरखाली न हलता तिरपे हलत होते. खाली येताना ते पुढेही येत आणि वर जाताना मागेही जात. असे तडाखे सेकंदाला सुमारे 36 पडत होते. आपल्या डोळ्यांना त्यातले काहीच दिसत नाही. पंखांच्या जागी केवळ एक अंधुक चकाकी दिसते. सेकंदाला 1000 चित्रे घेणारा कॅमेरा लावला, तर एका तडाख्याची सुमारे 28 चित्रे मिळतात आणि मग गुपित उलगडते.

पंख खाली येतो तेव्हा त्याची रुंद बाजू हवेला खाली लोटते आणि हवा उलट त्याला वर उचलते. परत वर जाताना मात्र पंख पीळ घेतो व सुरीच्या पात्यासारखा कडेने हवा कापीत जातो. वल्हे पाण्यात असताना नावाडी त्याचे पाते रुंद धरतो आणि मागे नेताना आडवे करतो, त्यातलाच हा प्रकार होय. पण यात एक अडचण आहे. चारही पंख एकाच वेळी खाली आले, तर चतुराला एकदम उचल मिळेल आणि ते वर जाऊ लागले की तो खचेल. सेकंदाला 36 वेळा असे हिसके बसू लागले, तर स्थिर राहणे कठीण. म्हणून एका जागी ठरताना पुढची जोडी वर जाते तेव्हा मागची खाली येते आणि मागची वर जाते तेव्हा पुढची खाली येते. दोन माणसे आळीपाळीने मुसळ मारीत कांडण करतात, तेव्हा उखळावरचा घाव जसा थांबत नाही, तसा चतुराचा आधार तुटत नाही.

पुढे सरळ उडताना दोन्ही जोड्यांमधील हे अंतर कमी होते. मागची जोडी पुढच्या जोडीच्या किंचित आधी खाली येते. या वेळेच्या फरकाने आणखीही एक लाभ होतो. पुढच्या पंखांनी ढवळलेल्या हवेत बरीच शक्ती फुकट गेलेली असते; मागचे पंख योग्य क्षणी त्या हवेत आले, तर त्यातला काही भाग परत मिळवितात. उशरवुड व लेमान या शास्त्रज्ञांनी 2008 साली यंत्राचे पंख हलवून हे मोजले. वेळ नेमकी साधली, तर श्रमात पंचमांशाहून थोडी अधिक बचत होते, असे त्यांना आढळले.

परंतु चिलट दृष्टीस पडले की बचतीचा विचार मागे पडतो. झेप घेताना चतुर चारही पंख जवळजवळ एकदम खाली आणतो. हिसका बसतो, श्रमही जास्त पडतात, पण त्या घटकेला हवा असतो तो जोर, आणि तो मिळतो.

आणि बाजूला सरकायचे असेल तर? समजा, चतुराला उजवीकडे जायचे आहे. तो डाव्या व उजव्या बाजूच्या पंखांचे तडाखे आणि तिरपेपणा वेगवेगळा करतो. त्यामुळे त्याचे अंग उजवीकडे कलते. आतापर्यंत सरळ वर उचलणारा जोरही अर्थात तिरपा होतो. त्याचा काही भाग चतुराला तोलून धरतो आणि उरलेला बाजूला ओढतो. येथे थोडा हिशोब करून पाहू. अंग 45 अंश कलले, तर वजन तोलायला पहिल्या जोराचा केवळ सात-दशांश भाग उरतो. म्हणजे उंची न गमावता सरकायचे, तर पंखांना सुमारे 1.4 पट जोर लावावा लागतो. तेवढा लावला, की एक दशांश सेकंदात चतुर सुमारे 5 सेंटीमीटर बाजूला जातो. त्या अवधीत त्याच्या पंखांचे तडाखे पडतात अवघे तीन-चार! गंमत अशी की, अंग कलले तरी डोके बहुधा कलत नाही. ते बारीक मानेवर अलगद तोललेले असते आणि डोळे क्षितिजाशी समांतर राहतात. तसे नसते, तर प्रत्येक वळणाबरोबर त्याला सारे जग कललेले दिसले असते.

आता आपल्या लव्हाळ्यावरच्या चतुराकडे वळू. चिलट त्याच्या डोक्यावर 50 सेंटीमीटर उंचीवरून सेकंदाला एक मीटर वेगाने आडवे चालले आहे असे समजा. चतुर झेपावून तेथे पोचेपर्यंत अर्धा सेकंद लागेल आणि तेवढ्यात चिलट 50 सेंटीमीटर पुढे गेलेले असेल. ते दिसले त्या जागेकडे जो झेपावेल, त्याला तेथे मोकळी हवाच मिळेल. चतुर मात्र वाट चुकत नाही. तो 50 सेंटीमीटर वर आणि 50 सेंटीमीटर पुढे अशा बिंदूकडे, म्हणजे सुमारे 71 सेंटीमीटरच्या तिरप्या वाटेने निघतो आणि दोघेही तेथे एकाच क्षणी पोचतात. उंच उडालेला चेंडू झेलणारा क्षेत्ररक्षक चेंडू आता कोठे आहे तिकडे धावत नाही. तो कोठे पडणार तिकडे धावतो.

पण चतुराला हा बिंदू सापडतो कसा? दर्यावर्दी लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: दुसरे गलबत आपल्या जवळ येत असून ज्या दिशेला दिसते ती दिशा बदलतच नसेल, तर टक्कर ठरलेली. नाखवा ती टाळतो. चतुर तीच टक्कर साधतो. भक्ष्य त्याच दिशेला दिसत राहील, अशा बेताने तो आपली वाट वळवीत जातो. इतके मात्र पुरेसे नाही, असे 2015 साली दिसून आले. अमेरिकेत व्हर्जिनिया येथे लिओनार्डो व त्यांच्या सहकाऱ्यांनी चतुराच्या डोक्यावर आणि अंगावर अगदी हलक्या खुणा चिकटवून त्याच्या झेपांची चित्रे घेतली. त्यात चतुराचे डोके भक्ष्याच्या हालचालीमागोमाग न वळता तिच्याबरोबरच वळत होते. ते पुढे कोठे असेल, याचा अंदाज तो आधीच बांधीत होता. शिवाय त्याचे अंगही वाटेतच वळून भक्ष्याच्या बरोबर खाली येत होते. याचे कारण त्याच्या पायांत आहे. सहाही पाय पुढे झुकलेले व काटेरी असतात. ते एकत्र आले की त्यांची टोपली होते आणि भक्ष्य खालून तीत पकडले जाते.

डोळ्यांकडून पंखांकडे जाणारा हा निरोप पोचविण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही, याचेच अभ्यासकांना नवल वाटते. छोट्या हलत्या भक्ष्याची बातमी चतुराच्या मेंदूकडून पंखांच्या स्नायूंपर्यंत नेणाऱ्या चेतापेशींच्या जोड्या अवघ्या 8 आहेत, म्हणजे एकूण 16 पेशी. त्यांच्यात भक्ष्याची दिशा नोंदली जाते आणि त्यानुसार चारही पंखांचा तोल बदलत राहतो. काही निरीक्षणांत शंभर झेपांपैकी नव्वदांहून अधिक यशस्वी झाल्याचे आढळले आहे.

तरीही चतुर फसत नाही असे नाही. बसलेल्या चतुराच्या वरून, त्याला लागणार नाही अशा बेताने, अगदी बारीक खडा उडवून पाहा. पुष्कळदा तो खड्यामागे झेपावतो आणि जवळ जाताच माघारी फिरतो. थंड सकाळी तर त्याला उडताच येत नाही. स्नायू गार पडलेले असतात, म्हणून काही चतुर जागच्या जागी पंख थरथरवून त्यांना ऊब आणतात आणि मगच निघतात. अशा वेळी तो पक्ष्याच्या सहज तावडीत सापडतो.

खरी हानी होते ती पंख फाटल्याने. पाण्यातून वर येऊन एकदा कात टाकली आणि पंख फुटले, की पुढे चतुर कात टाकीत नाही. म्हणून फाटलेला पंख पुन्हा भरून येत नाही. पावसाळा संपता संपता तळ्याकाठी असे चतुर पुष्कळ दिसतात. मागच्या पंखांच्या कडा झिजलेल्या असतात, एखाद्याचा तुकडाच गेलेला असतो. ते उडतात, वळतात, एका जागी ठरतातही, कारण उरलेले पंख आपले काम सोडत नाहीत. फक्त झेपेत तो पूर्वीचा जोर राहिलेला नसतो आणि लव्हाळ्याच्या टोकावर परत आलेला चतुर पुन्हापुन्हा रिकाम्या तोंडाने येताना दिसतो.