तारीख अडकली असेल तर ‘नाही’ कसं म्हणावं

बाळ, तुला आता महाविद्यालयांची बोलावणी येऊ लागली आहेत, म्हणून हे सांगून ठेवते. व्याख्यान कसं द्यायचं ते तुला येतं. तारीख आधीच दिलेली असताना दुसऱ्या बोलावण्याला नकार कसा द्यायचा, हे मात्र आपल्याकडे कुणी शिकवत नाही, आणि त्याचा त्रास समोरच्या महाविद्यालयाला होतो. मराठीच्या प्राध्यापकावर तर ही वेळ दर वर्षी येणारच. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या एका दिवशी गावोगावच्या महाविद्यालयांना वक्ता हवा असतो. विज्ञान शाखेतल्या तुझ्या मैत्रिणींचं २८ तारखेला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, हेच होतं.

एक उदाहरण धरून चालू. तू पुण्यात राहतेस. सोलापूरच्या एका महाविद्यालयाला २७ तारखेचा होकार तू डिसेंबरातच देऊन ठेवला आहेस. २ फेब्रुवारीला नाशिकच्या एका महाविद्यालयाची मेल येते: त्याच दिवशी एकदिवसीय चर्चासत्र आहे, बीजभाषण आपण करावं. खाली प्राचार्यांची सही, समन्वयकाचा मोबाइल नंबर. आता काय करायचं?

आधी दिवस मोजून बघ

पत्रिकेवर छापलेल्या वेळेवरून हिशेब करू नकोस. पत्रिकेवर उद्घाटन दहाला असतं. पाहुणे आणि प्राचार्य व्यासपीठावर येईपर्यंत साडेदहा होतात. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, सत्कार, समन्वयकाचं प्रास्ताविक, प्राचार्यांचं मनोगत, तुझा परिचय. बीजभाषणाला उभं राहायला पावणेबारा-बारा वाजतात. तास-पाऊणतास बोलल्यावर अध्यक्षीय समारोप, आभार, आणि मग जेवण. सोलापूर-नाशिकच्या बाबतीत प्रश्नच नाही, दोन्ही एका दिवसात होत नाही. पण एकाच शहरातली दोन महाविद्यालयं असतील तर मोह होतो, सकाळी इथे बोलू, दुपारी तिथे जाऊ. तो मोह टाळ. पहिल्या ठिकाणी तुझी नजर घड्याळावर राहते, दुसऱ्या ठिकाणी मुलं सभागृहात ताटकळतात. आणि बीजभाषण दुपारी ढकलता येत नाही. दिवसभराच्या चर्चासत्राचा विषय त्यातूनच उलगडायचा असतो. पुढच्या सत्रांतले वक्ते ‘सकाळी मांडलं गेलं त्याप्रमाणे’ म्हणत त्याला धरून बोलतात. बीजभाषणाची जागा सकाळचीच.

दुसरी मोजणी प्रवासाची. पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर. सकाळी दहाला तिथे हजर राहायचं तर आदल्या संध्याकाळी निघावं लागणार. म्हणजे २६ तारखेचं बोलावणं आलं तरी तो दिवस अर्धा अडकलेलाच आहे. कार्यक्रमाचा दिवस मोकळा दिसला म्हणून होकार देऊन बसशील आणि मग जाण्यायेण्यात फसशील.

नकार त्याच दिवशी, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी

हा यातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग, म्हणून कारणासकट सांगते. समन्वयकाच्या हातात दिवस किती असतात ते बघ. २ तारखेला तुला मेल गेली. तुझा होकार आला की माहितीपत्रक पक्कं होतं, ते इतर महाविद्यालयांना जातं, तुझा फोटो टाकलेलं पोस्टर व्हॉट्सअॅपवर फिरतं, मुलांची आणि प्राध्यापकांची नोंदणी सुरू होते. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी निमंत्रणपत्रिका आणि बॅनर छापायला जातात. तू ३ तारखेला नाही म्हणालीस तर यातलं काहीच बिघडत नाही. नव्या वक्त्याला तयारीला तीन आठवडे मिळतात. १८ तारखेला म्हणालीस तर पत्रिका छापायला निघालेली असते, आणि जो कुणी तुझ्या जागी येईल तो चार दिवसांत जमवलेलं भाषण घेऊन येतो. नकार तोच असतो. पंधरा दिवसांच्या उशिराने त्यांचा सगळा कार्यक्रम विस्कटतो.

उशीर होतो तो बहुधा भिडेपोटी. ‘बघते’, ‘प्रयत्न करते’, ‘दोन दिवसांत कळवते’ असं आपण मान राखण्यासाठी म्हणतो. समन्वयक त्याचा अर्थ होकार असाच घेतो, कारण त्याला तो तसा हवा असतो. दुसऱ्या दिवशी तो प्राचार्यांना सांगतो, ‘मॅडम येतायत.’ मग तुझा खरा नकार त्याला प्राचार्यांपुढे खोटं पाडतो. तारीख अडकलेली आहे हे तुला माहीत आहे ना, मग आशा लावून ठेवायची नाही.

आधी फोन, मग लेखी

पत्रावर सही प्राचार्यांची असली तरी फोन समन्वयकाला कर. धावपळ त्याचीच असते. आभार मान, पण लांबण लावू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात नकार आला पाहिजे: ‘सर, पत्र मिळालं, आठवण ठेवलीत, आनंद वाटला. पण २७ तारीख मी डिसेंबरातच सोलापूरला दिली आहे, त्यामुळे मला येता येणार नाही. तुम्हाला दुसरी सोय करायला वेळ मिळावा म्हणून लगेच फोन केला.’ एवढं पुरे. तब्येतीचं, घरच्या कार्याचं कारण पुढे करू नकोस. २७ ला संध्याकाळी सोलापूरच्या कार्यक्रमाचे फोटो सगळ्या गटांत फिरणार आहेत. खरं कारण साधं आहे आणि ते सगळ्यांना समजतं.

फोन झाला की त्याच दिवशी मेल कर, आणि ती प्राचार्यांच्या नावाने. वक्ता बदलल्याची नोंद समितीच्या कागदांत घ्यावी लागते, त्यासाठी त्यांना काहीतरी लेखी हवं असतं. मजकूर असा ठेव:

‘मा. प्राचार्य, सप्रेम नमस्कार. २७ फेब्रुवारीच्या चर्चासत्रात बीजभाषणासाठी आपण मला निमंत्रित केलेत, याबद्दल मनापासून आभार. त्याच दिवशीचा अन्य महाविद्यालयातील कार्यक्रम मी पूर्वीच स्वीकारलेला असल्याने मला उपस्थित राहता येणार नाही. तसे समन्वयकांना आज दूरध्वनीवर कळवले आहे. माहितीपत्रकात अथवा समाजमाध्यमांवर माझे नाव आले असल्यास कृपया ते काढावे. चर्चासत्रास मनःपूर्वक शुभेच्छा. आपली नम्र.’

नाव काढण्याचं वाक्य विसरू नकोस. काही ठिकाणी होकार यायच्या आधीच ‘संभाव्य वक्ते’ म्हणून नाव घालून पोस्टर तयार होतं. तुझं नाव वाचून कुणी नोंदणी केली आणि तू तिथे नसलीस, तर लोकांच्या लेखी न आलेली तूच ठरतेस.

पर्याय द्यायचा तर खरा द्यायचा

‘पुढच्या आठवड्यात येते’ असं पटकन म्हणू नकोस. फेब्रुवारीत बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा असतात, कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर इमारतीत परीक्षा केंद्र असतं आणि सभागृहातही बाकं लागलेली असतात. मार्चपासून त्यांच्या स्वतःच्या परीक्षांची तयारी. त्यामुळे आधी विचार, ‘हा कार्यक्रम २७ लाच व्हायला हवा का?’ गौरव दिनाचा असेल तर तारीख हलणार नाही, तिथेच थांब. नुसतं चर्चासत्र असेल आणि तारीख ठरायची असेल, तर तुझे मोकळे असलेले दोन दिवस सांग आणि ते त्यांचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

दुसऱ्या वक्त्याचं नाव सुचवणं ही मोठी मदत आहे, पण त्या व्यक्तीला आधी विचारल्याशिवाय नाही. ‘२७ ला मोकळे आहात का, तुमचं नाव देऊ का?’ एवढा फोन केलास की समन्वयकाचे चार नकार वाचतात. नाव सुचवताना विषय बघ. एखाद्या सत्रात एका कवितेवर छान बोलणारी व्यक्ती सबंध विषयाची मांडणी करेलच असं नाही. वक्ता जवळच्या गावातला असला तर आणखी चांगलं. प्रवासखर्चाची मंजुरी ही लहान महाविद्यालयांत खरी अडचण असते.

आणि ते म्हणतील, ‘मग ऑनलाइन बोला, पाचच मिनिटं.’ त्या वेळी तू सोलापूरच्या व्यासपीठावर असणार. यजमानांनी बोलावलेलं असताना मध्येच उठून दुसरीकडे बोलणं बरं नाही. याला नम्रपणे नाहीच म्हण.

दिलेला शब्द बदलायचा नाही

नकार दिल्यावर दोन-तीन दिवसांत एखादा फोन येतो. कधी संस्थेच्या सचिवांचा, कधी तुझ्या जुन्या सरांचा: ‘अगं, आमचं महाविद्यालय मोठं आहे, राज्यभरातून लोक येतायत, सोलापूरचं दुसऱ्या कुणाला दे.’ इथे पाय घट्ट रोवून उभी राहा. नाशिकचं व्यासपीठ मोठं असेल, मानधनही जास्त असेल, पण सोलापूरच्या समन्वयकाने दोन महिने तुझ्या शब्दावर काम केलं आहे. ‘सर, तुमची तारीख आधी आली असती तर तुमच्यासाठीही मी अशीच थांबले असते,’ हे एक वाक्य सांग. ते ऐकल्यावर समजूतदार माणूस आग्रह सोडतो, आणि तुझ्याविषयी त्याचं मत खाली जात नाही. वादात पडू नकोस, कारणांची यादी देऊ नकोस. जितकी कारणं सांगशील तितक्या त्यांना खोडायला जागा.

एकच अपवाद आहे. होकार दिल्यानंतर विद्यापीठाचं परीक्षेचं काम किंवा तुझ्याच महाविद्यालयात मूल्यांकन समितीची भेट आली, तर ते टळत नाही. तेव्हा आदेश हातात पडला त्याच तासाला फोन कर, आणि पर्यायी वक्ता शोधण्याची जबाबदारी तू घे. आधी होकार दिलेला असल्याने ती सोय करणं तुझं काम ठरतं. तुझ्या भाषणाचे मुद्दे तयार असतील तर नव्या वक्त्याला देऊन टाक.

शेवटी, वहीत एक नोंद ठेव: कोणत्या महाविद्यालयाला, कोणत्या वर्षी, कोणत्या विषयासाठी नाही म्हटलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुढच्या वर्षीची आखणी सुरू होते. त्या सुमारास नाशिकच्या समन्वयकाला स्वतःहून फोन कर आणि म्हण, ‘येती २७ फेब्रुवारी अजून कुणाला दिलेली नाही, तुम्हाला हवी असेल तर सांगा.’ त्यांनी हो म्हटलं की ती तारीख त्यांची, मग नंतर कुणीही बोलावलं तरी.