रूलेटमधले शून्य आणि शेकडा तोटा

गोवा फिरून आलेली मुलं मांडवीतल्या कॅसिनो बोटींबद्दल विचारतात. त्यांना हे गणित दाखवा.

फ्रेंच रूलेटच्या चाकावर 37 घरे असतात: 18 लाल, 18 काळी, एक शून्य. समजा, प्रत्येक घर एकेकदा आले आणि दरवेळी लालवर 100 रुपये लावले. 18 वेळा 100 मिळाले, 19 वेळा गेले. 3700 वर 100 तोटा, म्हणजे शेकडा 2.70.

‘ला पार्ताज’ नियमात शून्य आलं की अर्धे पैसे परत मिळतात. तोटा 50, शेकडा 1.35. ‘आँ प्रिझाँ’त ते पुढच्या फेरीपर्यंत अडकतात; लाल आलं तर नुसती मुद्दल सुटते, नाहीतर सगळं जातं. तोटा जवळपास तेवढाच.

हे नियम लाल-काळे, सम-विषम अशा डावांनाच लागू. तोटा निम्मा होतो, पण शून्य होत नाही.